व्याप्ती वेगळी, मर्यादा वेगळी

चि. मृण्मयीस,


प्रबंधाचा कच्चा खर्डा मिळाला. तक्ते नीट आहेत, भाषाही सरळ आहे. मी अडखळले ती पहिल्या प्रकरणाच्या शेवटी, ‘संशोधनाची व्याप्ती व मर्यादा’ या मथळ्याखाली. तिथे तू चार वाक्यं लिहिली आहेस: अभ्यास एका तालुक्यापुरता आहे, नमुना १२० महिलांचा आहे, वेळ आणि पैशाअभावी अधिक महिलांना भेटता आलं नाही, आणि उत्तरदात्यांनी दिलेली माहिती खरी मानली आहे. यातला ‘महिला’ शब्द काढून ‘शेतकरी’ घाल. परिच्छेद जसाच्या तसा दुसऱ्या कुणाच्याही प्रबंधात बसेल. तुझ्या दोन वर्षांच्या पायपिटीचा त्यात मागमूसही नाही.

आपल्याकडे हा मथळा जोडीनेच येतो, त्यामुळे दोन गोष्टींची गल्लत होते. एक तालुका घेणं ही तू ठरवलेली चौकट आहे, म्हणजे व्याप्ती. तिच्यात दोष काही नाही. चौकटीच्या आत जे निसटलं किंवा वाकडं मोजलं गेलं, ती मर्यादा. कुंपण कुठे घातलं ते सांगून कुंपणाला पडलेलं भगदाड झाकायचं, ही प्रबंध लिहिणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. परीक्षकाने काही विचारलं, की बोट दाखवायला एक पान तयार असतं.

मीही माझ्या प्रबंधात तेच केलं होतं. कांदा उत्पादकांच्या मुलाखती मी बाजार समितीच्या आवारात घेतल्या आणि ‘वेळेअभावी नमुना मर्यादित’ असं लिहून मोकळी झाले. मौखिकीला परीक्षकांनी शांतपणे विचारलं, “वेळ मिळाला असता तर आणखी कोणाला भेटला असता?” मी म्हणाले, आणखी शंभर शेतकऱ्यांना. “तेही आवारातलेच?” तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की ज्यांनी माल बांधावरच व्यापाऱ्याला देऊन टाकला होता, ते माझ्या यादीत येणारच नव्हते. शंभर काय, हजार मुलाखती घेतल्या असत्या तरी नाही. माझी अडचण संख्येची नव्हती, मी उभी होते त्या जागेची होती.

नुसती संख्या वाढवून भागत नाही, याचं एक जुनं उदाहरण आहे. १९३६ साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या, त्यांवरून लँडन जिंकणार असं छापलं आणि रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. नावं टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती, आणि उत्तर पाठवणारेही एका विशिष्ट कलाचे निघाले. म्हणून ‘नमुना लहान आहे’ एवढी कबुली मला पुरेशी वाटत नाही.

आता तुझी १२० नावं कुठून आली ते पाहू. संस्थेने दहा बचत गटांची यादी दिली, त्यांत आज असलेल्या सगळ्या सदस्यांना तू भेटलीस. पण परिशिष्टात तूच लिहिलं आहेस, की इतिवृत्ताच्या वह्यांत सुरुवातीला १६० नावं होती. म्हणजे चाळीस जणी गट सोडून गेल्या. कुणाचे हप्ते थकले, कुणाला घरून मनाई झाली, कुणी गाव सोडलं. ‘घरखर्चाच्या निर्णयात माझं मत चालतं’ असं १२० पैकी ८४ जणींनी सांगितलं आणि तू ७० टक्के लिहिलेस. गेलेल्या चाळीसजणींपैकी एकीचंही मत घरात चालत नसेल असं धरलं, तर प्रमाण १६० त ८४, म्हणजे साडेबावन्न टक्क्यांवर येतं. सगळ्यांचं चालतं असं धरलं तर साडेसत्त्याहत्तर. खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि हप्ते थकून किंवा मनाईमुळे गेलेल्यांचा विचार केला तर सत्तरच्या खालीच असण्याचा संभव जास्त. एवढं लिहिलंस की वाचणाऱ्याला तुझा आकडा किती ताणायचा ते कळतं.

यादीतले दहाही गट बँकेचं कर्ज मिळालेले आहेत, हेही विसरू नकोस. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब ही पंचसूत्री पाहूनच बँक गटाला कर्ज देते. मोडलेले गट तुझ्यापर्यंत आलेच नाहीत. त्यांचा आकडा काढायला तुझ्याकडे काही साधन नाही, म्हणून तिथे एक वाक्य पुरे.

‘माहिती खरी मानली आहे’ हे वाक्य मात्र मला खटकतं. त्यात चूक झालीच तर ती उत्तर देणाऱ्या बाईच्या माथी जाते. तुझ्या टिपणवहीत ३१ मुलाखतींपुढे ‘अध्यक्षा शेजारी बसल्या होत्या’ अशी नोंद आहे. मी त्या वेगळ्या काढून मोजल्या. त्या ३१ त २७ जणींनी होकार दिला, म्हणजे ८७ टक्के. उरलेल्या ८९ त ५७ जणींनी, म्हणजे ६४ टक्के. सगळा फरक भिडेचाच आहे असं म्हणू नकोस, कारण जिथे अध्यक्षा इतक्या तत्पर, ते गट मुळातच चांगले चालत असतील. पण हा तक्ता प्रबंधात यायलाच हवा. ही नोंद तू त्या दिवशी उन्हातान्हात बसून केलीस आणि लिहायच्या वेळी गाळलीस, याचं मला आश्चर्य वाटलं.

मी लिहिलं असतं तर साधारण असं: “गट सोडून गेलेल्या ४० सदस्यांना भेटता आले नाही. त्यामुळे ७० टक्के हे प्रमाण टिकून राहिलेल्या महिलांचे आहे. मूळ १६० सदस्यांसाठी ते याहून कमी असण्याची शक्यता आहे. ३१ मुलाखतींच्या वेळी गटाच्या अध्यक्षा हजर होत्या. त्या वगळल्यास प्रमाण ६४ टक्के येते. म्हणून ‘निर्णयातील सहभाग’ या निष्कर्षासाठी ६४ हाच आकडा वापरला आहे. बचतीची रक्कम पासबुकावरून घेतल्याने त्या निष्कर्षावर अध्यक्षांच्या हजेरीचा परिणाम होत नाही.” शेवटचं वाक्यही तितकंच महत्त्वाचं. काय डागाळलं ते सांगताना काय शाबूत आहे तेही सांगायचं. काहीजण चौदा मर्यादांची जंत्री देतात आणि त्या गर्दीत खरी एक दडवतात, तसं करू नकोस.

आणि मग पाचवं प्रकरण उघड. ‘बचत गटांमुळे महिलांचे सक्षमीकरण झाले’ असं तिथे ठणकावून लिहिलं आहेस, सारांशातही तेच. पहिल्या प्रकरणात दिलेली कबुली पाचव्यात आठवत नसेल, तर ती शोभेपुरती होती असं मी समजते. दुसऱ्याचा प्रबंध तपासायला येतो तेव्हा मी दोन्ही पानं समोरासमोर ठेवूनच वाचते. ‘मुळे’ हा शब्द तर काढच. गटात नसलेल्या बायकांना तू विचारलेलंच नाहीस, मग फरक कशामुळे पडला ते कळणार कसं?

तुझे मार्गदर्शक म्हणतील, इतकं उघड कशाला करतेस, परीक्षक धारेवर धरतील. धरतीलही. पण तो प्रश्न विचारायच्या आत त्याचा तक्ता तुझ्याकडे तयार असेल.

प्रबंध द्यायला अजून दोन महिने आहेत ना? त्या चाळीसपैकी दहा-बारा जणी गावातच असतील. अध्यक्षांना बरोबर न घेता जाऊन ये, तोच एक प्रश्न विचार, आणि काय उत्तरं मिळाली ते मला कळव. वहीची नक्कल सोबत परत पाठवते आहे. ३१ नोंदींवर पेन्सिलीने खूण केली आहे.

ताईला नमस्कार सांग.

तुझी,
सुमामावशी