गोचीड गाईवर दिसते, पण राहते कोठ्याच्या कुडात

पावसाची पहिली झड ओसरली की अकोला-अमरावतीकडच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत संकरित गाई एकाच तक्रारीवर येऊ लागतात: दूध एकदम निम्म्यावर आलं, कुटार खात नाही, अंग तापलंय. मालकाला हवा बदलल्याची शंका असते. बऱ्याचदा तो थायलेरियोसिस असतो, म्हणजे गोचिडाचा ताप. वेळेत ओळखला तर तो एका औषधानं आटोक्यात येतो, आठवडा गेला तर गाय हातची जाते. म्हणून या लेखात सगळ्या गोचीडजन्य रोगांची यादी देत बसत नाही. गोचीड कुठं राहते आणि ताप पहिल्या दोन दिवसांत कसा ओळखायचा, एवढंच नीट पाहू.

आपल्या जनावरांवर मुख्यत्वे दोन जातींच्या गोचिडी असतात. पहिली लहान, रक्त पिऊन टम्म फुगली की राखाडी दिसणारी. ती पिल्लू असताना गाईवर चढते आणि मोठी होऊन अंडी घालायला उतरेपर्यंत, साधारण तीन आठवडे, त्याच गाईवर राहते. लाल लघवीचा ताप म्हणजे बॅबेसियोसिस पसरतो तो हिच्यामुळं. दुसरी तपकिरी, लांब तोंडाची, लांब पायांची आणि चपळ. शास्त्रीय नाव हायलोमा. ती कासेच्या बेचक्यात, शेपटीखाली, मांडीच्या आतल्या बाजूला सापडते. थायलेरिया हीच पसरवते, आणि हिचं बहुतेक आयुष्य गाईच्या अंगाबाहेर जातं. ती रक्त पिते, गळून पडते, तुराट्यांच्या कुडात, गव्हाणीच्या फटीत, खुंट्याच्या बुडाशी लपते, तिथं कात टाकते आणि भूक लागली की पुन्हा जनावर शोधते. अंडी घालते तीही तिथंच, एका खेपेला हजारोंनी.

लोकांची फवारणी फसते ती इथं. गाय धुऊन फवारली, आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा गोचिडी आल्या, की ‘औषधात दम नाही’ असं म्हणून मात्रा वाढवली जाते. औषध जुनं पडलं असेल, हे नाकारत नाही. डेल्टामेथ्रीन आणि सायपरमेथ्रीनला न जुमानणाऱ्या गोचिडी आता देशभर आढळतात. पण त्याआधी कुडाकडे बघा. रात्री टॉर्च घेऊन गव्हाणीच्या सांध्यांत आणि भिंतीच्या पोपड्यांमागं पाहिलं तर गाईवर दिसल्या त्याहून जास्त गोचिडी तिथं निघतील.

आता रोगाचा रस्ता पाहू. गोचिडीच्या अंड्यातून थायलेरियाचा जंतू पुढं जात नाही. लहान वयाची गोचीड आधी एखाद्या वाहक जनावराचं रक्त पिते, तेव्हा जंतू तिच्यात शिरतो. ती कात टाकून मोठी होते आणि पुढच्या जनावराला चावते, तेव्हा तो त्या जनावरात जातो. हे वाहक जनावर कोणतं? आपल्या कोठ्यात ते बहुधा शेजारच्या खुंट्यालाच बांधलेलं असतं. गावरान बैल, म्हैस किंवा मागच्या वर्षी या आजारातून उठलेली गाय वर्षानुवर्षं जंतू रक्तात बाळगून ठणठणीत हिंडते. होल्स्टिन किंवा जर्सी रक्ताच्या गाईला तो झेपत नाही. बैलाला काही होत नाही म्हणून त्याच्यावर फवारणी न करणं ही वऱ्हाडातली अगदी नेहमीची चूक आहे. कोठ्यातलं प्रत्येक ढोर एकाच दिवशी फवारलं पाहिजे, वासरासकट.

याच रस्त्यावर आपल्याला एक सवलतही मिळते. गोचीड चिकटली की जंतू लगेच गाईत उतरत नाहीत. ते गोचिडीच्या लाळग्रंथीत तयार व्हायला तिला रक्त पीत दोन ते तीन दिवस लागतात. म्हणून दर दिवसाआड दूध काढताना कास, मांडी, शेपटीची मुळी आणि कानाच्या आतून हात फिरवून निघतील तेवढ्या गोचिडी काढल्या तरी मोठा धोका टळतो. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि रॉकेल किंवा साबणाच्या पाण्यात टाका. नखानं चिरडू नका. क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप हा माणसाला होणारा जीवघेणा रोग हायलोमा गोचिडी पसरवतात, आणि 2011 मध्ये तो शेजारच्या गुजरातेत निघाला होता.

फवारणीसाठी डेल्टामेथ्रीन 1.25 टक्के किंवा अमिट्रॅझ 12.5 टक्के, दोन्हींची नेहमीची मात्रा लिटरला 2 मिली. तरी बाटलीवरचं लेबल वाचूनच मिसळा. मोठ्या गाईला तीन-चार लिटर द्रावण लागतं, कारण केस भिजून कातडीपर्यंत पोचायला हवं. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, आधी भरपूर पाणी पाजून फवारा, म्हणजे तहानेनं ती अंग चाटणार नाही. कोरडी होईपर्यंत वासरू सोडू नका. दुधाच्या गाईला आयव्हरमेक्टीनचं इंजेक्शन टोचू नका, ते दुधात उतरतं. बारा-पंधरा दिवसांनी हीच फवारणी पुन्हा करायची. गाईबरोबर त्याच दिवशी कुडाचे सांधे, गव्हाण आणि खुंट्याभोवतीची जागाही भिजवा. मग फटी शेण-मातीनं किंवा सिमेंटनं बुजवा, पक्क्या भिंतीला चुना द्या. फ्लेमगन चांगली चालते, पण पऱ्हाटी आणि तुराट्यांच्या कोठ्यात ती चुकूनही पेटवू नका.

एक गोष्ट कडकपणे सांगायची आहे. कपाशीवर मारायचं औषध गाईवर मारू नका, आणि कपाशीचा पंप धुऊनसुद्धा गाईसाठी वापरू नका. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ते याच शेती औषधांनी. त्यातल्या काही औषधांनी गाईची लाळ गळू लागते, अंग थरथरतं आणि ती आडवी होते. हजार-बाराशेचा वेगळा पंप गाईपेक्षा महाग नाही.

आता ताप ओळखायचा कसा ते एका उदाहरणानं पाहू. समजा, जूनमध्ये नगरकडून दुसऱ्या वेताची होल्स्टिन संकरित गाय आणली, बारा लिटर दुधाची, आणि बैलांच्या कोठ्यातच बांधली. हायलोमा चावल्यापासून आजार दिसायला साधारण दहा ते पंचवीस दिवस लागतात. सगळ्यात आधी सुजते ती गाठ, आणि गोचीड जिथं चावली त्याच्या जवळची. कानात असेल तर कानाखालची, मानेवर असेल तर खांद्याच्या पुढची, मांडीकडं असेल तर ढोपराच्या वर, मांडीच्या पुढची. खांद्यापुढची गाठ बोटं फिरवली की कातडीखाली सापडते. निरोगी गाईत ती जेमतेम लागते, आजारात लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, गरम आणि दुखरी होते. नव्या गाईची गाठ आणल्या दिवशीच हातानं पाहून ठेवा, म्हणजे पुढं फरक कळेल.

एक-दोन दिवसांत ताप चढतो, 104 ते 106 अंश फॅरनहाइट. संकरित गाईचा ताप वऱ्हाडात दुपारी मोजू नका. अकोल्याच्या उन्हात पत्र्याखाली उभी असलेली निरोगी गायही 103 दाखवते. पहाटे, दूध काढण्याआधी, थर्मामीटर गुदद्वारात आतल्या भिंतीला टेकवून मिनिटभर ठेवा. पहाटे 103 च्या वर आणि गाठ सुजलेली, एवढं पुरे. डॉक्टरला फोन करा. पशुसंवर्धन विभागाचा 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. डोळ्यांतून पाणी, नाकातून पातळ स्राव, जोरजोरात श्वास, घटलेलं दूध हे याच दिवसांत दिसतं. डोळ्याच्या आतली त्वचा पांढरी पडणं आणि मग पिवळी होणं ही उशिराची खूण आहे. तिची वाट पाहू नका.

घात होतो तो मधल्या तीन दिवसांत. कुणीतरी तापाचं इंजेक्शन आणि एखादं अँटिबायोटिक देऊन जातं. ताप संध्याकाळी उतरतो, गाय दोन घास खाते, सगळे निश्चिंत होतात, आणि दुसऱ्या पहाटे पारा पुन्हा 105 वर. या काळात जंतू गाठींतून रक्तातल्या पेशींकडं सरकलेला असतो. यावरचं खास औषध बुपार्व्हाक्वोन. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते चांगलं लागू पडतं, रक्त आटल्यावर त्याचा भरवसा नाही. डॉक्टरला ते वजनावर द्यावं लागतं, म्हणून गाईचं माप घेऊन ठेवा. छातीचा घेर इंचांत मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या इंचांनी गुणा आणि 660 नं भागा. आपल्या गाईचा घेर 66 आणि लांबी 54 इंच असेल तर उत्तर येतं 356 किलो. 20 किलोला 1 मिली या मात्रेनं सुमारे 18 मिली, मानेच्या स्नायूत दोन ठिकाणी विभागून. गरज पडली तर दोन-तीन दिवसांनी डॉक्टर दुसरा डोस देतात. महागडं वाटलं म्हणून 10 मिलीवर भागवलं की औषधही वाया आणि गायही.

औषध देण्याआधी रक्ताचा नमुना काढून घेण्याचा आग्रह धरा, पण त्याची मर्यादाही ओळखा. कानाच्या टोकाच्या थेंबाच्या काचपट्टीवर सुरुवातीला जंतू दिसत नाहीत, आणि उलट वाहक बैलाच्या रक्तात ते आजाराशिवायही दिसतात. सुजलेल्या गाठीतून सुईनं काढलेल्या द्रवाची काचपट्टी पहिल्या दिवसांत जास्त खरं बोलते. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. शंका असेल तर डॉक्टरांना काचपट्टी तिथं पाठवायला सांगा. लघवी कॉफीसारखी आणि गाठ साधी असेल तर तो बॅबेसिया, औषध वेगळं. गाय पांढरी पडत चालली, शेण कोरडं झालं, पण लघवीचा रंग बदलला नाही, तर अॅनाप्लाझ्मा, त्यावर ऑक्सिटेट्रासायक्लीन. ही निवड घरी करायची नाही, पण लघवीचा रंग डॉक्टरांना फोनवरच सांगता आला तर वेळ वाचतो.

थायलेरियाची लस आहे, ‘रक्षाव्हॅक-टी’, हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची. तीन महिन्यांवरच्या संकरित जनावरांना कातडीखाली 3 मिली, एकदाच. ती जिवंत पेशींची असते, द्रव नत्रवायूत गोठवून ठेवावी लागते आणि वितळवल्यावर लगेच वापरावी लागते. त्यामुळं एका गाईसाठी कुणी ती घेऊन येत नाही. दहा-पंधरा गाई एकत्र करून, गाभण वगळून, उन्हाळ्याआधीच डॉक्टरांशी तारीख ठरवायची. लस घेतलेल्या गाईवरही गोचीड बसतेच, आणि बॅबेसिया व अॅनाप्लाझ्माला ही लस काहीच करत नाही. म्हणून दिवसाआडचा हात आणि कुडाची फवारणी तिच्यासाठीही तशीच.