पॅनेल घेतेस? आधी पट्टी घे

अगं, तू पाठवलेला फोटो बघितला. घडीचं सोलर पॅनेल, उघडलं की जेमतेम वहीच्या दोन पानांएवढं, आणि वर ठसठशीत छापलंय ‘२८ वॉट’. खाली तुझा प्रश्न, ‘ताई, डिंडोलीत लाइट गेली की फोनला होईल आणि डिसेंबरात साल्हेरलाही नेता येईल ना?’ पैसे देण्याआधी जरा बस माझ्याजवळ. दुकानदार सांगणार नाही असं थोडं सांगायचंय.

घरात झेरॉक्सचे कागद असतील, ए-फोर म्हणतात ते. तसे सोळा कागद जमिनीवर एकाला एक लावून मांडलेस की बरोबर एक चौरस मीटर होतो. निरभ्र दुपारी सूर्यासमोर धरलेल्या एवढ्या जागेवर साधारण १००० वॉट ऊन पडतं. म्हणजे एका कागदाच्या वाट्याला सुमारे ६२ वॉट. बाजारातला चांगला सेल त्यातला पाचवा हिस्सा, फार तर चौथा, विजेत बदलतो. म्हणून एका कागदाएवढ्या काळ्या भागातून बारा-तेरा, फार तर पंधरा वॉटच्या वर काही निघत नाही, मग कंपनी कुठलीही असो. २८ वॉट हवे असतील तर काळा भाग दोन कागदांच्या आसपास भरायला हवा. कापडाची किनार, खिसा, शिलाई यात धरायची नाही, फक्त सेल मोजायचे. तुझ्या फोटोतल्या पॅनेलवरचे सेल एका कागदाएवढेच दिसतात. ते दहा-बारा वॉटचं आहे. त्या भावाने मिळत असेल तर घे, २८च्या भावाने घेऊ नकोस.

आता हे दहा वॉटसुद्धा प्रयोगशाळेतले. तिथे सेल २५ अंशांवर ठेवून मोजतात. आपल्या सुरतेत मे महिन्यात गच्चीवर टाकलेलं काळं पॅनेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत सहज तापतं, आणि तापलेला सेल कमी वीज देतो. एवढ्या तापण्याने सातवा-आठवा हिस्सा जातो. मागच्या यूएसबी डबीत व्होल्टेज पाचवर आणताना आणखी थोडं जातं. त्यामुळे दहा वॉटच्या पॅनेलमधून ऐन दुपारी सहा-सात वॉट हातात पडले तर माल चांगला समज. आणि हो, सुरतेचं कडक ऊन म्हणजे जास्त वीज असं वाटतं ना, ते अर्धंच खरं. थंडीतल्या स्वच्छ दिवशी पॅनेल नीट सूर्याकडे कललेलं असेल तर दुपारच्या त्या तासांत ते मेच्या बरोबरीने, कधी जास्तही देतं.

एक दिवस मांडून बघू. सकाळी दहा ते दुपारी तीन पॅनेल उन्हात, दर दीड-दोन तासांनी थोडं फिरवलेलं. सरासरी साडेपाच वॉट धर. पाच तासांत झाले साडेसत्तावीस वॉट-तास. ते पॉवर बँकेत शिरताना थोडे गळतात, बँकेतून फोनमध्ये जाताना पुन्हा गळतात, आणि फोनच्या बॅटरीत शेवटी सोळा-सतरा पोचतात. तुझ्या फोनची बॅटरी ५००० एमएएचची, म्हणजे सुमारे १९ वॉट-तासांची. थोडक्यात, दहा वॉटचं पॅनेल आणि एक चांगला उन्हाचा दिवस म्हणजे एक फोन जवळजवळ भरला. तुझा, दाजींचा आणि सासूबाईंचा असे तीन फोन नाहीत. तिघांचे भरायचे तर तीस वॉटच्या आसपासचं, खरोखर तेवढ्या आकाराचं पॅनेल लागेल.

तू म्हणशील, मग मध्ये पॉवर बँक कशाला, थेट फोन लावते, गळती वाचेल. गळती वाचते, पण दुसरंच दुखणं सुरू होतं. ढग आला की पॅनेलचा प्रवाह एकदम खाली येतो. फोन चार्जिंग तोडतो आणि ऊन परत आलं तरी कित्येक फोन आपणहून पुन्हा धरत नाहीत. तू खाली स्वयंपाकात, वर फोन रिकामाच पडलेला. पॉवर बँक ही कुरबुर जास्त निमूट सोसते. शिवाय उन्हात ठेवलेला फोन स्वतःच तापतो, आणि लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. शहाणा फोन चार्जिंग थांबवतो, स्वस्तातला तसाच तापत राहतो आणि त्याची बॅटरी लवकर म्हातारी होते. पॉवर बँकेचंही तेच. पॅनेलच्या पाठीमागे जाळीचा खिसा शिवलेला असतो ना, तो दिसायला सोयीचा, पण ती तिथली सगळ्यात तापलेली जागा. बँक तिथे ठेवू नकोस. मीटरभर जाड वायर घे आणि बँक सावलीत, कठड्याच्या आडोशाला ठेव. फार लांब नि बारीक वायर घेतलीस तर व्होल्टेज वायरीतच संपतं.

सावलीचं मात्र नीट ऐक, कारण तुमच्या घरी हीच अडचण येणार. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. नळीवर एका ठिकाणी पाय ठेवला की सगळ्या नळीचं पाणी अडतं, तसं एका सेलवर सावली पडली की त्या रांगेतली सगळी वीज अडते. खिडकीच्या ग्रिलची एक सळी, वाळत घातलेल्या साडीचा काठ, एवढं पुरतं. दहावा भाग झाकला म्हणून दहावा भाग कमी, असं होत नाही, अर्ध्याहून जास्त जाऊ शकतं. खिडकीच्या काचेआड ठेवलंस तर काच आणखी खाते, रंगीत काच तर फारच. तुमचा फ्लॅट तळमजल्यावर आणि बाल्कनी पूर्वेला, म्हणजे ऊन सकाळचं तेवढं. जागा अगाशीचीच. तेव्हा अगाशीची किल्ली कोणाकडे असते ते आजच विचारून ठेव. लाइट गेल्यावर, पावसात, सोसायटीच्या सेक्रेटरीला शोधत फिरू नकोस.

वर ठेवायचं कसं? मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा सपाट ठेवलं तरी चालतं. डिसेंबरात तो दक्षिणेला बराच झुकतो, तेव्हा पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून चाळीस-पंचेचाळीस अंशांत उभं कर. एक विटेचा तुकडा आणि थोडी नजर पुरते. पॅनेलवर पेन उभं धर, पेनाची सावली जेवढी आखूड तेवढं तोंड बरोबर.

आता खरी गोम. आपल्याकडे लाइट जास्त वेळ जाते ती कधी? पावसात. आणि पावसाळी भरलेल्या आभाळात पॅनेल उन्हातल्यापेक्षा पाचवा-सहावा हिस्सा, कधी त्याहून कमी देतं. त्या दिवशी फोनमध्ये पंधरा-वीस टक्के पडले तरी नशीब. म्हणून पॅनेल ही पहिल्या दिवसाची सोय नाही. पहिला आणि दुसरा दिवस आधीच घरच्या विजेवर भरून ठेवलेल्या पॉवर बँकेचा. पॅनेल कामाला येतं ते त्यानंतर. २००६च्या ऑगस्टचा पूर आठवून बघ. उकाईतून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली. ते पाणी मुख्यतः वरच्या खोऱ्यातल्या पावसाचं होतं, आपल्या डोक्यावरच्या ढगाचं नव्हे. अशा पुरात पाणी मीटरपर्यंत चढतं, वीज तोडावी लागते आणि पाणी उतरलं तरी वायरिंग सुकून तपासल्याशिवाय जोडता येत नाही. मधले ते दिवस, ऊन पडलेलं आणि लाइट नसलेली, हे पॅनेलचे दिवस. लिंबायत, पर्वत पाटिया भागात अलीकडे खाडीचं पाणी भरतं, तिथेही हाच हिशेब. तेव्हा मोठ्या पावसाचा इशारा आला की पहिल्यांदा बँक पूर्ण भर, पॅनेल नंतर शोध. आणि पावसात पॅनेल बाहेर राहिलं तर सेलना सहसा काही होत नाही, मागची यूएसबी डबी भिजते आणि तीच मरते.

साल्हेरचं विचारलंस. दोन दिवसांच्या ट्रेकला पॅनेल नेऊ नकोस. १०००० एमएएचची बँक २०० ग्रॅमच्या आसपास भरते आणि तुझा फोन एकदा पूर्ण, वर जवळजवळ अर्धा भरून देते. दहा हजार छापलेलं असून दोन फोन का भरत नाहीत, तर तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. बाहेर पाच व्होल्टला मिळणारा सहा-साडेसहा हजारांचा आकडा त्याच बँकेवर बारीक अक्षरांत असतो, तो वाच. पॅनेल सॅकवर लटकवून चालणारी मंडळी फोटोत छान दिसतात, पण चढताना पॅनेल कधी आभाळाकडे, कधी कड्याकडे, कधी झाडाखाली. दिवसभरात भरतं थोडंच. १५६७ मीटरचा किल्ला चढताना तेवढ्या वजनाचं पाणी ने. पॅनेलचा खरा उपयोग चार-पाच दिवस वीज नसलेल्या ठिकाणी, आणि तेही दुपारी दोन-तीन तास एका जागी थांबणार असशील तर. रेंज नसलेल्या दरीत फोन सतत टॉवर शोधत बॅटरी खातो. तिथे एअरप्लेन मोड लाव, जीपीएस त्यातही चालतं.

आणि ती पाठीवर छोटं पॅनेल चिकटवलेली ‘सोलर पॉवर बँक’ कोणी भेट दिली तर टॉर्च म्हणून वापर. तळहाताएवढ्या त्या पट्टीतून कसाबसा एक वॉट येतो. आतली ३७ वॉट-तासांची बॅटरी त्यावर भरायला आठवडाभराहून जास्त कडक ऊन लागेल, आणि तेवढे दिवस बॅटरी उन्हात भाजायची ती वेगळीच.

घडीचंच हवं असा हट्ट नसेल तर अगाशीसाठी काच नि ॲल्युमिनियम फ्रेमचं साधं १० किंवा २० वॉटचं पॅनेल बघ. टिकतं जास्त, भाव कमी. फक्त ते ‘१२ व्होल्ट’चं म्हणून विकतात आणि उन्हात मोकळ्या टोकांना एकवीस-बावीस व्होल्ट देतं. वायर कापून थेट यूएसबीला जोडायचं मुळीच नाही, फोन जाईल. गाडीत लावतात तो बारा-चोवीस व्होल्टचा यूएसबी चार्जर मध्ये घाल, म्हणजे पाच व्होल्ट मिळतात. जोडणी त्या दुकानदाराकडूनच करून घे.

काहीही घेतलंस तरी घरी आणल्यावर निरभ्र दिवशी अकरा-बाराच्या दरम्यान तपास. फोनवरच्या चार्जिंगच्या चिन्हावर विसंबू नकोस. चिन्ह दिसत राहतं आणि टक्के उतरत असतात, हे अगदी नेहमीचं. मध्ये लावायचा छोटा यूएसबी टेस्टर असतो, त्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात, दोन्ही गुणले की वॉट. अर्धी रिकामी बँक जोडून दहा वॉटच्या पॅनेलने पाच व्होल्टला सव्वा अँपिअरच्या आसपास दिलं तर ठेव. अर्धा अँपिअर दिसला तर आधी सावली, धूळ आणि वायर बघ. तरी तेवढंच राहिलं तर परतीची मुदत संपायच्या आत परत कर. टेस्टर विकत घेऊ नकोस, माझ्याकडे आहे, रविवारी उधन्याला आलीस की घेऊन जा.