प्लगला करंट नाही? कॉइल घेण्याआधी किल स्विच तपासा

पावसाळ्यात लिंबायत, डिंडोलीच्या गल्ल्यांत पाणी साचलं की पाठोपाठ गॅरेजसमोर गाड्या उभ्या राहतात. सेल्फ जोरात फिरतो, हॉर्न वाजतो, पण प्लग हेडला टेकवून पाहिला तर ठिणगी नाही. (प्लग टेकवताना तो प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते.) मग ‘कॉइल गेली’ असं सांगितलं जातं. लहान गाडीची कॉइल साधारण ३०० ते ६०० रुपयांना पडते, मजुरी वेगळी, आणि इलेक्ट्रिकचा पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही. २५०-५०० रुपयांचा साधा मल्टिमीटर एवढा खर्च वाचवू शकतो.

चावी बंद करा, किल स्विचचा कनेक्टर सोडवा आणि मीटर बीपवर ठेवून स्विचच्या दोन्ही वायरी तपासा. चालू स्थितीत बीप आणि बंद स्थितीत शांत, असं असेल तर बॅटरीचा करंट या स्विचमधून पुढे जातो. उलट असेल, म्हणजे बंद स्थितीत बीप येत असेल, तर स्विच वायर अर्थ करून इंजिन थांबवतो. जुन्या एसी सीडीआय गाड्यांत ही पद्धत असते आणि तिथे ठिणगीला बॅटरी लागतच नाही. अशा गाडीत कनेक्टर सोडवलेला असतानाच चावी चालू करून सेल्फ किंवा किक मारून पाहा. ठिणगी आली तर दोष स्विचचा.

पहिल्या प्रकारात मात्र बीपवर विसंबू नका. गंजलेला स्विच मीटरच्या नाममात्र करंटला बीप देतो आणि खऱ्या लोडला दगा देतो. म्हणून कनेक्टर परत जोडा, चावी चालू करा आणि मागच्या बाजूने मीटरची टोकं लावून सेल्फ फिरवत व्होल्टेज मोजा. समजा स्विचच्या आधी ११.४ व्होल्ट आहे आणि नंतर ७.८, तर मधले ३.६ व्होल्ट स्विचच खातोय. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक संशयास्पद धरा. कॉन्टॅक्ट क्लीनरने भागलं तर ठीक, नाहीतर नवा स्विच २०० ते ५०० रुपये.

स्विच निर्दोष निघाला की कॉइल. तिच्या वायरी सोडवून आतल्या बारीक टोकांमध्ये ओहम मोजा. सीडीआय गाडीत एक ओहमच्या आसपास किंवा कमी, इंजेक्शनच्या गाडीत बहुधा काही ओहम. मीटरची टोकं एकमेकांना लावल्यावर जो आकडा दिसतो तो वजा करा. मग प्लग कॅप फिरवून काढा आणि जाड वायर ते बारीक टोक मोजा, काही हजार ओहम यायला हवेत. कॅपसकट मोजलं तर त्यात कॅपचे साधारण पाच हजार वाढतात. आकडा आलाच नाही तर वायर किंवा कॉइल तुटलेली आहे.

आकडे बरोबर असूनही गरम झाल्यावर कॉइल दगा देऊ शकते, कारण आतलं इन्सुलेशन मीटरच्या कमी व्होल्टला फुटत नाही. अशा वेळी त्याच मॉडेलच्या नीट चालणाऱ्या गाडीची कॉइल दोन मिनिटं लावून मगच पैसे द्या.