टीव्हीवर लांब पासवर्ड: टाइप करा फोनवरून

नाशिकला मावशीकडे नवा गूगल टीव्ही आला. सगळं जोडून झालं आणि गाडी अडली ती एका अ‍ॅपच्या पासवर्डपाशी. मावसभावाने भक्कम पासवर्ड ठेवलेला, `Kolam7#vihir-Rt42` अशासारखा. तीनदा भरला, तिन्ही वेळा चुकला. मावशी म्हणाली, "अरे, चष्मा लावूनसुद्धा तो चौकोन नेमका कुठे थांबलाय ते दिसत नाही मला."

तिचं बरोबर होतं. पडद्यावरच्या कीबोर्डवर `l` वरून `a` वर यायला बाण ८ वेळा डावीकडे दाबावा लागतो. एक दाब कमी पडला की `s` उमटतो, आणि पासवर्डच्या रकान्यात तो लगेच ठिपका होऊन बसतो. `#` साठी चिन्हांच्या पानावर जायचं, परत यायचं, मोठ्या `R` साठी शिफ्ट शोधायची. अक्षरं १७ असली तरी दाब शंभरच्या आसपास जातात आणि कुठला चुकला ते शेवटपर्यंत कळत नाही. हेच काम फोनवरून मिनिटाभरात होतं. मावशीकडे ज्या क्रमाने केलं, त्याच क्रमाने सांगतो.

त्याआधी एक गोष्ट बघून घ्या. लॉगिनच्या पानावर क्यूआर कोड किंवा छोटा कोड दिसतोय का? दिसत असेल तर पासवर्ड टाइप करूच नका. यूट्यूबसाठी फोनच्या ब्राउझरमध्ये `yt.be/activate` आणि नेटफ्लिक्ससाठी `netflix.com/tv8` उघडून टीव्हीवरचा कोड तिथे टाकला की टीव्ही आपोआप आत जातो. पत्ता टीव्हीवर दिसतो तसाच, स्वतःच्या हाताने टाका. तो सर्च करून शोधायला गेलात तर खोट्या पानांवर आणि खोट्या 'हेल्पलाइन' नंबरांवर पोचण्याची भीती असते. कोड लावून देण्याचे पैसे कुणी मागितले तर तो चोर आहे, असं समजून फोन ठेवा.

मावशीच्या अ‍ॅपमध्ये ही सोय नव्हती. ईमेल आणि पासवर्ड, दोनच रकाने. मग फोनलाच रिमोट केला.

१. फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर आणा. फोनचा मोबाइल डेटा चालू असून वाय-फाय बंद असेल तर टीव्ही सापडणार नाही.

२. फोनवर `Google TV` अ‍ॅप घ्या. ते अँड्रॉइडवरही मिळतं आणि आयफोनवरही. उघडल्यावर खालच्या बाजूला `TV Remote` असं बटण असतं, ते दाबा. जवळच्या टीव्हींची नावं येतील, त्यातलं आपलं निवडा.

३. आता टीव्हीच्या पडद्यावर ६ अक्षरांचा कोड येईल. तो फोनमध्ये टाकून `Pair` दाबा. या कोडमध्ये ० ते ९ हे आकडे आणि A ते F एवढीच अक्षरं येतात. त्यामुळे गोल दिसलं की ते शून्यच, इंग्रजी ओ नव्हे. मावशीकडे पहिला कोड याच घोळात वाया गेला. हा कोड पहिल्या वेळीच लागतो, पुढे टीव्ही फोनला ओळखतो.

४. टीव्हीवर पासवर्डचा रकाना निवडा, म्हणजे पडद्यावर कीबोर्ड उघडेल. मग फोनवरच्या रिमोटमधलं कीबोर्डचं चिन्ह दाबा. फोनचा नेहमीचा कीबोर्ड वर येईल आणि तुम्ही लिहाल ते टीव्हीवर उमटत जाईल.

५. रकान्यात आधीचे ठिपके असतील तर ते सगळे पुसा. आपण पाहुण्यासारखे मध्येच टीव्हीसमोर येतो, आधीचा अर्धवट प्रयत्न तसाच पडलेला असतो आणि नवा पासवर्ड त्याच्या शेपटीला जोडला जातो.

६. पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये असेल तर तिथून कॉपी करून इथे पेस्ट करा. टाइपच करणार असाल तर कीबोर्ड आधी इंग्रजीवर आणा. मराठी कीबोर्डवरून ७ हा देवनागरी आकडा गेला तर तो `7` नव्हे, आणि ठिपक्यात फरक दिसत नाही.

७. पुढे जाण्याआधी ठिपके मोजा. १७ अक्षरांचे १७ च ठिपके हवेत. १८ भरले तर बहुधा शेवटी मोकळी जागा आली आहे. संदेशातून कॉपी करताना ती हटकून चिकटते, किंवा कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला की तो स्वतःहून जागा सोडतो. डोळ्याचं चिन्ह असेल आणि खोलीत घरचीच माणसं असतील तर ते दाबून एकदा वाचून घ्या.

ठिपके बरोबर असूनही पासवर्ड नाकारला तर संशय कीबोर्डच्या मदतखोर सवयींवर घ्या. पहिलं अक्षर आपोआप मोठं होणं ही एक. आयफोनवर दुसरीही असते: पासवर्डमध्ये सरळ अवतरणचिन्ह असेल तर ते वळणदार होतं, आणि लागोपाठच्या दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ होते, तेव्हा मात्र एक ठिपका कमी भरतो. तिथे सेटिंग्जमधलं `Smart Punctuation` तात्पुरतं बंद करा.

टीव्ही यादीत दिसतच नसेल तर तीन कारणं तपासा. फोन राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर असेल तर तिथली उपकरणं सहसा घरच्या टीव्हीशी बोलू शकत नाहीत. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर तो बंद करून पाहा. आणि आयफोनने `Local Network` ची परवानगी विचारली असताना नको म्हटलं असेल, तर सेटिंग्जमध्ये जाऊन ती द्या.

फायर टीव्ही असेल तर `Fire TV` अ‍ॅप घ्यायचं, बाकी रीत हीच. फक्त टीव्हीवर ४ आकडी कोड येतो.

एका पासवर्डपुढे मात्र हा उपाय चालत नाही: खुद्द वाय-फायचा पासवर्ड. टीव्ही नेटवर्कवरच नसेल तर फोन त्याच्यापर्यंत पोचणार कसा? टीव्ही नवाकोरा असेल तर पहिल्या मांडणीच्या वेळी फोनवरून मांडणी करण्याचा पर्याय निवडा आणि पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करा. मग वाय-फायची माहिती फोनकडूनच टीव्हीला जाते. जुना टीव्ही असेल तर संगणकाचा साधा यूएसबी कीबोर्ड टीव्हीच्या मागच्या खाचेत लावून बघा, बहुतेक टीव्ही तो लगेच ओळखतात. आणि राउटर बदलत असाल तर नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि पासवर्ड, लहानमोठ्या अक्षरांसकट, देऊन ठेवा. टीव्हीला बहुधा बदल कळतही नाही.

मावशीकडून निघण्याआधी आणखी दोन कामं केली. भावाने पासवर्ड तिच्या फोनवर संदेशातून पाठवला होता, तो संदेश पुसला. कॉपी केलेला मजकूर कीबोर्डच्या क्लिपबोर्डमध्ये राहिला होता, तोही पुसला. रिमोटचं अ‍ॅप मात्र तिच्याच फोनवर ठेवलं. आता ती मालिकांची नावंही त्यावरूनच शोधते.