पांढऱ्यावर पांढरा मग

मी अंबरनाथ पूर्वेला घरी बसून मालाचे फोटो साफ करून देतो. गिऱ्हाईक म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्पांमधले व्यापारी आणि आनंदनगर एमआयडीसीतले लहान कारखानदार. त्यातल्याच एकानं प्लॅस्टिकचे पांढरे मग आणि डबे पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेले चोवीस फोटो पाठवले. ऑनलाइन विक्रीसाठी मागचा भाग शुद्ध पांढरा, म्हणजे 255, 255, 255 हवा होता.

मी फोटोशॉपमध्ये मॅजिक वाँड घेतला, मागच्या कागदावर क्लिक केलं आणि निवडलं गेलं ते उडवलं. खाली पांढरा रंग भरला. चित्र झकास दिसलं. चोवीसही फोटो एका संध्याकाळी पाठवून दिले.

पंधरा दिवसांनी फोन आला. त्यांनी तेच कापलेले मग छापील पत्रकात निळ्या पट्ट्यावर लावले होते. ‘‘दादा, मगाला उंदरानं कुरतडलंय का हो?’’ फाईल उघडून मीही खाली निळा थर टाकला. उजेडाच्या बाजूची कड अर्धीअधिक गायब होती आणि कानाला भोक पडलं होतं. पांढऱ्यावर पांढरं असताना चूक लपली होती, एवढंच.

चूक कुठे झाली, ते आकड्यांत कळतं. कागदाचा रंग साधारण 251 होता, मगाची उजेडातली कड 245. मॅजिक वाँडचा टॉलरन्स मूळचा 32 असतो, म्हणजे 251वर क्लिक केलं की 219 पासून वरचं जोडलेलं सगळं त्यात येतं. मग त्यातच गेला. टॉलरन्स 5 करून पाहिला, तर फोटोतल्या बारीक दाण्यांमुळे कड फाटकी आली.

चोवीसही फोटो फुकटात पुन्हा केले, यावेळी असे. मूळ थराला हात न लावता त्याच्यावर Levels चा ॲडजस्टमेंट लेयर टाकला आणि डावीकडची काळी खूण ओढून 225 वर आणली. आता 225 चा काळा होतो, 255 तसाच राहतो आणि मधली तीस पायऱ्यांची पट्टी पूर्ण पडद्यावर ताणली जाते. प्रत्येक पायरी साडेआठपट होते. कागद 221 वर गेला, कड 170 वर. डोळ्याला न दिसणारा सहाचा फरक एक्कावन्नचा झाला आणि करड्या कागदावर मगाची कड स्पष्ट उमटली. चित्र अर्थातच भयाण दिसतं. दिसू द्या, ते फक्त कापण्यासाठी आहे.

मग पेन टूलनं कडेवरून रेघ फिरवली. क्विक सिलेक्शन वापरणार असाल तर Sample All Layers ची खूण लावा, नाहीतर ते खालचाच फिका फोटो वाचत बसतं. तरी माझा कौल पेनलाच. फरक ताणला की जेपीजीचे चौकोनी ठिपकेही ताणले जातात, आणि क्विक सिलेक्शन त्यांच्या मागे पायऱ्यापायऱ्यांनी जातं. बुडाशी पडलेली सावलीही गडद होऊन मगाचाच भाग वाटते. तिथे मगाचा मूळ आकार ध्यानात ठेवून रेघ आतून न्यावी लागते. रेघेचं सिलेक्शन करून त्याचा मास्क मूळ थराला लावला आणि Levels चा थर काढून टाकला. हा थर विसरून फाईल पाठवलीत, तर गिऱ्हाईकाला काळवंडलेला मग मिळेल. थर निदान काढून टाकता येतो, फोटोतच केलेला बदल तसा काढता येत नाही. म्हणूनच Image मेनूतून थेट फोटोवर Levels चालवायचा नाही.

दोन फोटोंत मात्र हे चाललं नाही. तिथे मगाची कड आणि कागद दोन्ही 255 होते. फरकच शून्य असेल तर साडेआठपट करूनही शून्यच. अशा वेळी आधी लाल, हिरवा, निळा हे चॅनेल एकेक उघडून पाहा. दिवा पिवळसर असेल तर निळ्यात कधी कधी थोडी कड शिल्लक असते. माझ्याकडे तीही नव्हती. शेवटी ते दोन मग पुन्हा काढायला लावले. दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळा कार्डपेपर उभा केला. त्याची काळी झाक चकचकीत प्लॅस्टिकच्या कडांवर पडली आणि कड कॅमेऱ्यातच उठून आली.

आता मी कापलेली प्रत्येक वस्तू पाठवण्याआधी गडद निळ्या थरावर ठेवून शंभर टक्के झूमवर कडेकडेनं पाहतो. तुमच्याकडेही पांढऱ्या मालाच्या कापलेल्या जुन्या फाईली असतील, तर आज एक उघडून खाली निळा रंग भरून बघा.