पाण्याची खेप आणि चिठ्ठ्यांचा डबा
(अभ्यासवर्गासाठी गणिताचा पाठ : समष्टी आणि नमुना)



नववी-दहावीच्या मुलांना संख्याशास्त्रात ‘समष्टी’ आणि ‘नमुना’ हे दोन शब्द भेटतात. ज्या सर्वांविषयी आपल्याला काही जाणून घ्यायचे आहे ते सर्व मिळून समष्टी, आणि त्यांतून प्रत्यक्ष विचारण्यासाठी निवडलेले थोडे, तो नमुना. व्याख्या मुले एका दिवसात पाठ करतात. नमुना निवडण्याच्या रीतीवरच उत्तर का ठरते, हे मात्र पाहणी करून बघितल्याशिवाय उमगत नाही. आपल्यापैकी जे पाड्यांवरच्या मुलांचे अभ्यासवर्ग घेतात, त्यांच्यासाठी पुढील प्रकल्प मांडला आहे. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. डोंगराळ भागातली गावे ज्यांनी पायी पाहिली आहेत, त्यांना ते अनोळखी वाटणार नाहीत.

प्रश्न एकच ठेवावा : एप्रिल महिन्यात पाण्याची एक खेप आणायला तुमच्या घरी किती मिनिटे लागतात?

समजा, गावात २०० घरे आहेत. मुख्य पाड्यावर ८० घरे, तिथे हापसा आहे आणि खेपेला १० मिनिटे लागतात. मधल्या तीन पाड्यांवर मिळून ८० घरे, त्यांना विहिरीपर्यंत जाऊन यायला २५ मिनिटे. डोंगरावरच्या दोन पाड्यांवर ४० घरे, आणि झऱ्यावरून हंडा भरून आणायला ७० मिनिटे. सगळ्या २०० घरांची सरासरी काढली तर ती २८ मिनिटे येते. हे झाले समष्टीचे खरे उत्तर. शिक्षकांनी ते फळ्यावर लिहू नये, कागदाची घडी करून खिशात ठेवावे.

मुले बहुधा सोपी वाट धरतात : “गुरुजी, वर्गातच विचारू या ना!” तसे करू द्यावे. वर्गात ३० मुले आहेत. त्यांतली २० मुख्य पाड्याची, ८ मधल्या पाड्यांची आणि डोंगरावरची फक्त २. सरासरी येते १८ मिनिटे, म्हणजे खऱ्या उत्तरापेक्षा दहाने कमी. कोणीही खोटे बोललेले नाही, बेरीज-भागाकारही बिनचूक आहे. पण डोंगरावर घरे पाचांत एक असताना वर्गात तिथली मुले पंधरांत एक आहेत. ज्यांना पाणी लांब त्यांना शाळाही लांब, आणि कित्येकदा पाण्याच्या खेपेसाठीच मुलगी घरी थांबलेली असते. जे विचारायचे आहे, तेच कारण वर्गातली हजेरी ठरवत आहे.

इथे कोणी तरी म्हणतेच, की तीस मुले थोडी होतात, सगळ्या शाळेला विचारू या. तेही करून पाहावे. शाळेत १५० मुले आहेत आणि त्यांत पाड्यांचे प्रमाण वर्गासारखेच आहे : १००, ४० आणि १०. सरासरी पुन्हा १८! नमुना पाचपट झाला, चूक तिळभरही हलली नाही. या पाठातली ही जागा घाईने ओलांडू नये.

अमेरिकेत १९३६ साली हेच मोठ्या प्रमाणावर घडले. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक लोकांनी त्या भरून पाठवल्या. साप्ताहिकाने लँडन जिंकणार असे सांगितले, आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून घेतले होते. मंदीच्या त्या काळात गरिबाच्या घरी यांपैकी काही नव्हते. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवण्याची तसदी घेतली ते आणि ज्यांनी घेतली नाही ते, यांची मतेही सारखी नव्हती.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल, तर रविवारी उपासनेनंतर मंदिराच्या दाराशी उभे राहून “उपासनेची वेळ सोयीची आहे का?” असे विचारून पाहा. ज्यांना ती गैरसोयीची आहे, ते दाराशी असणारच नाहीत.

आता दुसरी रीत. सर्व घरांची यादी करावी, प्रत्येक घराला १ ते २०० पैकी एक क्रमांक द्यावा, तेवढ्या सारख्या मापाच्या चिठ्ठ्या सारख्याच घडी करून डब्यात टाकाव्या, चांगल्या हलवाव्या आणि न पाहता ४० काढाव्या. प्रत्येक घराला निवडले जाण्याची सारखीच संधी मिळते. यालाच यादृच्छिक नमुना म्हणतात. एका गटाला तीन स्तरांतली १७, १५ आणि ८ घरे मिळाली, तर सरासरी साधारण २७.६ येते. दुसऱ्या गटाला १४, १७, ९ मिळाली तर २९.९. तिसऱ्याला डोंगरावरची पाचच घरे आली (१८, १७, ५) तर २३.९. मुले विचारतील, की हेही चुकलेच ना? हो, चुकले. पण कधी वर, कधी खाली, आणि चिठ्ठ्या जास्त काढल्या की ही चूक सहसा लहान होत जाते. वर्गातल्या नमुन्याची चूक एकाच बाजूला झुकलेली होती. आता खिशातला कागद उघडावा.

तिसऱ्या गटासारखे नशीब टाळायचे असेल, तर पाड्यांनुसार तीन डबे करावे आणि त्यांतून १६, १६ आणि ८ चिठ्ठ्या काढाव्या. हा स्तरित नमुना. पण डोंगरावरच्या पाड्यांविषयी स्वतंत्रपणे काही सांगायचे असेल, तर आठ घरे अपुरी पडतात. तिथून २० घ्यावी, आणि गावाची सरासरी काढताना प्रत्येक स्तराच्या सरासरीला त्याच्या खऱ्या घरसंख्येने गुणून बेरजेला २०० ने भागावे. मला स्वतःला ही रीत अधिक पसंत आहे, कारण २८ मिनिटांत पाणी आणणारे घर या गावात एकही नाही.

सगळ्यात जास्त कष्ट यादीचे आहेत. शिधापत्रिकांची यादी घेतली तर ज्यांच्याकडे शिधापत्रिका नाही ते गळतात, आणि मतदारयादीत वेगळी चूल मांडलेले नवे जोडपे सापडेलच असे नाही. म्हणून मुलांनी शिक्षकांबरोबर पाड्या-पाड्यावर फिरून चुली मोजाव्या. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेली कुटुंबे धरायची की नाही, हेही आधीच ठरवून वहीत लिहावे. समष्टी म्हणजे ‘गावातली सर्व घरे’ की ‘एप्रिलमध्ये गावात राहणारी घरे’, याने उत्तर बदलते.

शेवटची अडचण कुलपाची. चिठ्ठीत आलेले घर बंद दिसले, की मुले शेजारच्या घरात विचारून मोकळी होतात. हे होऊ देऊ नये. भरदुपारी बंद असलेल्या घरातली बाई कदाचित झऱ्यावरच गेलेली असते, आणि जी घरी भेटते तिचे पाणी जवळ असते. त्याच घरी संध्याकाळी जावे, नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तीन खेपा घालूनही कोणी भेटले नाही, तर अहवालात लिहावे : “निवडलेली घरे ४०, उत्तर मिळालेली ३६, बंद ४, त्यांपैकी ३ डोंगरावरची.”