अनोळखी माणसाने फॉर्मबद्दल विचारलं तर उत्तर कसं लिहावं?

विद्यार्थी मित्रांनो, समजा तुमच्या मोबाईलवर एक निरोप आला : "लग्न होऊन मी निपाणीहून कागलला आले. मतदार कार्ड निपाणीचं आहे. इथल्या यादीत नाव लावायला कुठला फॉर्म भरू?" पाठवणाऱ्या ताई तुमच्या ओळखीच्या नाहीत. आपल्या भागात हा प्रश्न नेहमीचाच. निपाणी हाकेच्या अंतरावर असली तरी ती कर्नाटकात. तिचा मतदारसंघ वेगळा आणि यादीही वेगळी.

घाईत कुणीही लिहील, "सहा नंबरचा फॉर्म भरा." पूर्वी हे उत्तर बरोबर होतं. पण १ ऑगस्ट २०२२ पासून फॉर्म बदलले. आता नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. त्यात "मी पहिल्यांदाच अर्ज करत आहे, माझं नाव इतर कुठल्याही यादीत नाही" अशा अर्थाची घोषणा असते. त्या ताईंनी तिथं सही केली, की ती घोषणा खोटी ठरते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम ३१ नुसार खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सल्ला तुमचा, पण सही त्यांची! म्हणून उत्तर लिहिण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या : निपाणीच्या यादीत नाव अजून आहे का? कार्ड हातात असणं आणि यादीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नाव आहे असं कळलं, तर उत्तर साधारण असं लिहावं :

"ताई, तुम्हांला नमुना ८ लागेल. voters.eci.gov.in वर तो मोफत भरता येतो. त्यात चार पर्याय दिसतील. 'राहण्याचं ठिकाण बदललं' हा निवडा. पुढे मतदारसंघाच्या आत की बाहेर असं विचारतील, तिथं 'बाहेर' निवडा. मग राज्य महाराष्ट्र, जिल्हा कोल्हापूर आणि मतदारसंघ कागल. कागल हे नाव समोर दिसल्याशिवाय पुढं जाऊ नका. पत्त्याचा पुरावा कागलच्या घराचा जोडा. तुमच्या आधारवर अजून माहेरचा पत्ता असेल तर ते इथं चालणार नाही. यजमानांच्या नावाचा पुरावा असेल आणि त्यांचं नाव त्याच पत्त्यावर यादीत असेल, तर तो चालायला हवा. लाईट बिल सासऱ्यांच्या नावावर असेल तर आधी तुमच्या भागातल्या बीएलओंना विचारा. अर्ज गेला की संदर्भ क्रमांक मिळेल, तो वहीत लिहून ठेवा."

या उत्तरात प्रत्येक पायरीला ताईंना स्वतः पाहता येईल अशी एक खूण आहे : चार पर्याय, 'कागल' हे नाव, संदर्भ क्रमांक. खूण दिसली नाही तर चुकलं कुठं हे त्यांना तिथंच कळतं, तुम्हांला पुन्हा विचारावं लागत नाही. आणि 'चालेल' व 'चालायला हवा' यांत फरक आहे. जिथं शेवटचा निर्णय अधिकाऱ्याचा असतो तिथं दुसरं रूप वापरावं.

सीमाभागातली आणखी एक गंमत उत्तरात सांगण्यासारखी आहे. कर्नाटकात इंग्रजीत नाव लिहिताना 'त'साठी पुष्कळदा th लिहितात. सविताचं Savitha होतं. इंग्रजीवरून मराठी नाव आपोआप उमटलं तर त्याचं 'सविथा' होऊ शकतं. म्हणून अर्ज पाठवण्याआधी मराठी नाव अक्षर न् अक्षर वाचायला सांगा. लग्नानंतरचं आडनाव बदलायचं असेल तर तो दुरुस्तीचा वेगळा पर्याय आहे आणि एका अर्जात एकच पर्याय निवडता येतो. आधी पत्ता, मग आडनाव असं सांगितलं तर गोंधळ होत नाही.

मदत करताना त्यांचा कार्ड क्रमांक किंवा ओटीपी मागू नका. "पाठवा, मीच भरून देतो" असं तर मुळीच लिहू नका. अनोळखी माणसाकडं ओटीपी द्यायची सवय त्यांना तुमच्यामुळं लागायला नको.

शेवटी पडताळणीची ओळ हवी. नुसतं "खात्री करून घ्या" लिहिलं तर माणूस कुठं जाणार? कुठं आणि काय पाहायचं ते लिहा :

"ही माहिती आज (तारीख) मी संकेतस्थळावर पाहून लिहिली आहे. यादीची फेरतपासणी सुरू असेल तर कागदपत्रं वेगळी लागू शकतात, म्हणून १९५० वर फोन करून किंवा कागल तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत एकदा विचारा. हरकतींसाठी किमान सात दिवस ठेवतात, त्यामुळं लगेच बदल दिसणार नाही. निवडणूक जाहीर झाली असेल तर थांबू नका. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादीत नावं घेत नाहीत. अर्ज मंजूर झाल्यावर electoralsearch.eci.gov.in वर तुमचा कार्ड क्रमांक टाकून पाहा. मतदारसंघ कागल दिसला तर काम झालं. अजून निपाणीच दिसत असेल तर संदर्भ क्रमांक घेऊन निवडणूक शाखेत जा."